जादाचे फोन

मी नक्की काय काम करते हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ती "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून विषय बदलायची. बाबा मात्र ऐटीत सांगायचे, "आमची लेक लोकांची मशिनं मोडते आणि वर पगार घेते." कॉलनीतले निवृत्त काका लोक हसायचे आणि मला राग यायचा. मला तसाही राग लवकर येतो. पण खरं सांगायचं तर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या साहेबालाही कधी जमलं नाही.

आम्ही मूळचे पुण्याचे, पण मी वाढले दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि त्यांनी नोएडात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे मेट्रो नव्हती. सेक्टरांना नुसते आकडे होते, रस्ते ऐसपैस आणि धुळीचे, आणि मॉलची लोखंडी हाडं नुकती उभी राहत होती. माझी कंपनी चार सेक्टर पलीकडे होती. मी आई-बाबांबरोबरच राहायचे, कारण फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला होता. शेजारच्या सरदारजींनी त्यांना आपल्या गाडीत घालून नेलं म्हणून ते वाचले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी जरा जोरात खोकलं तरी तिघंही एकमेकांकडे बघत असू.

त्याच सुमाराला आमच्या कंपनीला ते काम मिळालं. एका खाजगी हॉस्पिटल-समूहाला नोएडा, गुडगाव, फरीदाबाद सगळ्यांसाठी अँब्युलन्सचा एकच नंबर करायचा होता. फोन आला की कंट्रोल रूममधला ऑपरेटर पत्ता टाइप करणार, सिस्टिम जवळची मोकळी गाडी शोधून देणार आणि ड्रायव्हरला निरोप जाणार. ती सिस्टिम आम्ही बनवत होतो आणि तिच्या टेस्टिंगची प्रमुख मी होते. घरी ही बातमी सांगितली तर आईने नंबर सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. "म्हणजे आता सरदारजींना त्रास द्यायला नको," ती म्हणाली. तो कागद रोज पाणी प्यायला गेले की दिसायचा. आजवर मी जे तपासलं होतं ते बँकेचं, विम्याचं, कुणाच्या तरी पगाराचं होतं. हे आमच्या फ्रिजवर होतं.

करारात लोड टेस्ट लिहिलेली होती. एका तासात जास्तीत जास्त इतके फोन येतील असा अंदाज बांधायचा, तेवढे खोटे फोन आणि खोटे ऑपरेटर कॉम्प्युटरनेच तयार करायचे, ते सिस्टिमवर सोडायचे आणि ठरलेल्या वेळात उत्तर येतंय का ते बघायचं. आलं तर पास. यात सिस्टिम दिलेला शब्द पाळते की नाही एवढंच कळतं. आमची पाळत होती. अगदी झोकात पाळत होती. साहेब खूश झाले. ते दिल्लीचे पंजाबी, मनाने मोठे, पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, मंत्री येणार होते, आणि तारीख ठरली की त्यांचं बीपी ठरलेलं होतं.

मी म्हटलं, "सर, आता स्ट्रेस टेस्ट करूया."

"वो क्यों? पास तो हो गया यार."

"अंदाजाइतका लोड झेपतो हे कळलं. अंदाजापेक्षा जास्त आला तर काय होतं ते नाही कळलं. वाढवत वाढवत जायचं, मोडेपर्यंत."

"तोड़ना क्यों है? बनी-बनाई चीज़ को? क्लायंट को लाल ग्राफ़ दिखाओगी?"

मी तेव्हा त्यांना जे सांगितलं ते पुढे कितीतरी नवीन पोरांना सांगितलं. लोड टेस्टमध्ये पास-नापास असतं. स्ट्रेस टेस्टमध्ये मोडणार हे धरूनच चालायचं असतं, कारण कुठलीही सिस्टिम कुठेतरी मोडतेच. प्रश्न असे असतात की कुठे मोडते, कशी मोडते, मोडताना कुणाला कळतं का, आणि लोड उतरला की आपली आपण उठते का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. साहेबांनी डोक्याला हात लावला. पण हो म्हणाले. "बस, तारीख नहीं हिलनी चाहिए."

मग आम्ही मोडायला लागलो. अंदाजाच्या दीडपट केलं, चालली. दुप्पट केल्यावर उत्तरं रेंगाळायला लागली. त्याच्या थोडं वर गेलं आणि पडद्यावरचे हिरवे आकडे भराभर लाल झाले. ठीक आहे, मोडायची जागा सापडली. मी लिहून घेतली, आमच्या सिस्टिम अॅडमिनने मशिनं रीस्टार्ट केली, आम्ही जेवायला गेलो, परत येऊन पुन्हा चालवलं, पुन्हा त्याच जागी मोडली. सगळं शिस्तीत.

हा अॅडमिन म्हणजे आमच्या ऑफिसचा लाडका माणूस. फरीदाबादहून रोज दोन बस बदलून यायचा आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर. प्रत्येक टेस्टनंतर मशिनं रीस्टार्ट करायची हा त्याचा नेम होता. "मैडम, नहला देता हूँ," म्हणायचा. मशिनांना आंघोळ घातली की पुढची टेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होणार, आधीच्या टेस्टचं उष्टंखरकटं काही राहणार नाही. लोड टेस्टसाठी हे अगदी बरोबर आहे. दोन टेस्टची तुलना करायची तर दोन्हींची सुरुवात सारखी हवी. वर्षानुवर्षं आम्ही असंच करत होतो, कुणाला काही खटकलं नव्हतं.

मग एका दिवशी तो सुट्टीवर गेला. मेव्हण्याचा साखरपुडा होता. त्या दिवशी मी पुन्हा मोडेपर्यंत लोड चढवला, ठरल्या जागी मोडली, मी लोड उतरवला. मशिनांना आंघोळ घालायला कुणी नव्हतं आणि पासवर्ड त्याच्या खिशात फरीदाबादला पुऱ्या खात होता. म्हटलं, चला, तोपर्यंत रोजच्याइतका साधा लोड लावून ठेवू. सकाळी ज्या लोडवर ती गाणी म्हणत चालली होती, तोच.

आणि ती उठली नाही.

मी चहा घेऊन आले, तरी लाल. शेजारच्या टीमबरोबर भांडून आले, तरी लाल. फोन येतायत तुरळक, ऑपरेटर विचारतायत, आणि उत्तर कुणालाच मिळत नाही. मशीन मात्र रिकामं बसलेलं नव्हतं, जीव तोडून काम करत होतं. मला आधी वाटलं माझंच काही चुकलं. मोजून बघितलं. लोड सकाळचाच होता. मशीन तेच, लोड तोच, आणि तरी सकाळी धावणारं मशीन आता पडून होतं. म्हणजे एवढे दिवस ते उठत होतं ते अॅडमिन उठवत होता म्हणून. आम्ही मोडण्याची जागा इतकी मन लावून शोधत होतो, आणि उठतं का हे आम्ही एकदाही बघितलेलं नव्हतं. बघायच्या आधीच आंघोळ.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तो रीस्टार्ट कर देंगे ना, प्रॉब्लम क्या है?"

"सर, सगळं पुन्हा सुरू व्हायला पाव तास लागतो. तेवढ्या वेळात आलेला एकही फोन कुणी घेणार नाही. आणि सुरू झालं की कंट्रोल रूमचे सगळे स्क्रीन एकदम त्यावर तुटून पडतील. परत मोडेल."

साहेब मग हळूच म्हणाले, "मंत्री जी का कार्ड छप गया है."

"छपू दे!" मी मराठीतच ओरडले. त्यांना कळलं बहुतेक.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आईने भरली वांगी केली होती, म्हणजे मला माहेरपणाला आल्यासारखं वागवत होती, म्हणजे माझा चेहरा फारच उतरला असणार. बाबांनी विचारलं, "काय झालं बेटा?" आई चिडली, "बेटा काय बेटा, मुलगी आहे ती, बाळ म्हणा." रोजचंच. मग मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना ऐकायला आवडायचं. रिटायर झाल्यापासून त्यांना ऑफिसची फार आठवण यायची आणि माझं ऑफिस त्यांना चालून जायचं.

"म्हणजे गर्दी गेली तरी काम संपत नाही," ते म्हणाले.

"हो ना. कसलं काम करतंय तेच कळत नाही."

"रिमाइंडर असतील."

"काय?"

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. "आमच्या सेक्शनमध्ये एकदा असंच झालं होतं. फाइली तुंबल्या. खालच्या ऑफिसांना उत्तर मिळेना, तर त्यांनी रिमाइंडर पाठवले. मग रिमाइंडरचे रिमाइंडर. प्रत्येक कागद डायरीत चढवायचा, प्रत्येकाला उत्तर द्यायचं. आम्ही दिवसभर रिमाइंडरनाच उत्तरं देत बसलो. मूळ फाइलला हात लागेना. नवीन टपाल अगदी थोडं येत होतं, पण त्याचा नंबर लागेपर्यंत त्याचाही रिमाइंडर यायचा. महिनोनमहिने चाललं ते."

मी जेवण तसंच टाकून उठले. आई म्हणाली, "अगं भात तरी!" पण माझ्या डोळ्यांसमोर तो ऑपरेटरचा स्क्रीन आला होता. काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर तो तीच विचारणा आपोआप पुन्हा पाठवायचा. पुन्हा नाही आलं, पुन्हा. उत्तर येईपर्यंत. कुणीतरी चांगल्या मनाने तसं केलं होतं, की बिचाऱ्या ऑपरेटरला पुन्हा बटण दाबायला नको. आणि मागची विचारणा रद्द होत नव्हती. ती रांगेत तशीच उभी, आणि तिच्या मागे तिचीच भावंडं.

सकाळी जाऊन बघितलं तर तेच. मशीन सगळ्यात जुनी विचारणा आधी घ्यायचं, जिचं उत्तर ऐकायला कुणी थांबलेलंच नव्हतं. तिच्यावर वेळ घालवायचं. तोपर्यंत नव्या माणसाचा धीर सुटून त्याच्या आणखी विचारणा रांगेत यायच्या. लोड थोडाच, पण प्रत्येक फोनचे चार-पाच होऊन येणार. रांग संपणार कधी?

दुरुस्ती काय करायची ते आमच्या मुलांना लगेच कळलं. जुन्या झालेल्या विचारणा फेकून द्यायच्या. स्क्रीनने लगेच पुन्हा विचारायचं नाही, थांबायचं, आणि प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबायचं, म्हणजे सगळे एकदम तुटून पडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे रांगेला हद्द घालायची. रांग भरली की पुढचा फोन आत घ्यायचाच नाही, त्याला तिथल्या तिथे रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवायचा. आत जे आहेत त्यांचं काम नीट व्हावं म्हणून बाकीच्यांना दारातच थांबवायचं.

या शेवटच्या गोष्टीला हॉस्पिटलची मंजुरी लागणार होती. त्यांच्या बाजूने एक वयस्कर डॉक्टर होते, बायपास करणारे, आता प्रशासन बघणारे. मी त्यांना दोन ग्राफ दाखवले. एकात सगळ्यांना आत घेतलं होतं आणि सगळेच बुडाले होते. दुसऱ्यात काहींना बाहेर ठेवलं होतं आणि बाकीचे वाचले होते. फार छान ग्राफ होते. मी खूप तयारी केली होती.

त्यांनी चष्मा काढला. "जिनको मना करोगे, वो कौन होंगे?"

"सर, जो एक्स्ट्रा होंगे. लिमिट के ऊपर वाले."

"एक्स्ट्रा," ते म्हणाले. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी पुन्हा समजावायला लागले. त्यांनी हात वर केला. "समझ गया बेटी. ठीक है. मगर उनका नंबर रखना. जैसे ही जगह बने, हम ख़ुद फ़ोन करेंगे. जिस क्रम में आए थे, उसी क्रम में. ये मेरी शर्त है."

ती अट सिस्टिममध्ये घातली गेली. निरोप रेकॉर्ड करायचा होता, तर मी म्हटलं तात्पुरता माझ्या आवाजात करूया, नंतर हॉस्पिटलवाले चांगला करून घेतील. कॉन्फरन्स रूममधला एसी बंद करून मी माइकसमोर बसले आणि माझ्या दिल्लीकर हिंदीत बोलले: "इस समय हमारे सभी ऑपरेटर व्यस्त हैं। आपका नंबर हमने लिख लिया है। कृपया दोबारा फ़ोन न करें और अपनी लाइन ख़ाली रखें। हम आपको फ़ोन करेंगे।" मुलं हसत होती. म्हणाली, "मॅडम, एवढ्या रागात नको, पेशंट घाबरेल." दोनदा परत केलं.

तारीख सरकली. साहेबांनी क्लायंटकडे सगळं आपल्या अंगावर घेतलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून माया आहे. मग शेवटची स्ट्रेस टेस्ट झाली. अॅडमिनला मी सक्त ताकीद दिली होती की मशिनांना हात लावलास तर याद राख. तो बिचारा हात मागे बांधून उभा. लोड चढवला, चढवला, हद्द आली. या वेळी पडदा पूर्ण लाल झाला नाही. आतल्यांना उत्तरं मिळत राहिली, वरचे बाहेर थांबले. मग लोड उतरवला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. रांग हलली. कमी झाली. मग बाहेर थांबलेल्यांना एकेक करून फोन जायला लागले, शेवटचाही गेला, आणि सगळं सकाळसारखं झालं. चार मिनिटं. अॅडमिन म्हणाला, "अपने आप उठ गई, मैडम!" आणि खरंच टाळ्या वाजल्या. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: पूर्ववत होण्यास लागलेला वेळ चार मिनिटे, स्वीकारार्ह.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी कॉलनीत पुन्हा सगळ्यांना सांगितलं, की आमची लेक मशिनं मोडते, आणि ती आपली आपण उठतात.

ही झाली उन्हाळ्याची गोष्ट. नंबर सुरू झाला, चालला. मी दुसऱ्या कामावर गेले. फ्रिजवरचा कागद तेलकट झाला.

मग हिवाळा आला आणि ते धुकं. दिल्लीकडच्या धुक्याची गंमत अशी की ते घरात बसून फार सुंदर दिसतं. त्या सकाळी बाल्कनीतून समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती. मी ऑफिसला उशिराच जाणार होते. बाबा पेपर वाचत होते. मी आत वेणी घालत होते आणि आईचा आवाज आला. ती किंचाळली नाही, नुसतं "अहो" म्हणाली. पण त्या "अहो"ला मी धावत बाहेर आले.

बाबा सोफ्यावर एका बाजूला कलले होते. थंडीचे दिवस आणि कपाळावर घाम. हात छातीवर. मागच्या वेळचं सगळं मला आठवत होतं. सरदारजी मुलाकडे कॅनडाला गेले होते. आईने डॉक्टरांनी सांगून ठेवलेली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, आणि मी फोन उचलला, फ्रिजकडे न बघता नंबर फिरवला.

एक घंटी वाजली. मग एक बाई बोलायला लागली. "इस समय हमारे सभी ऑपरेटर व्यस्त हैं..."

माझाच आवाज. कुणी बदललाच नव्हता.

पुढचं मी ऐकलं नाही, मला पाठच होतं. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. एकदम सगळं कळलं. धुकं, हायवेवर गाड्या एकमेकांवर आदळल्या असणार, आणि प्रत्येक जाणारा-येणारा आपापल्या मोबाइलवरून त्याच एका अपघाताचा फोन करत असणार. रांग भरली. आम्ही बाहेर. माझे बाबा एक्स्ट्रा.

"काय म्हणतायत? येतायत का?" आईने विचारलं.

"ते करतील फोन."

"करतील म्हणजे? परत लाव!"

"आई, परत लावायचं नाही. नंबर लिहून घेतलाय त्यांनी. आपण लाइन मोकळी ठेवायची."

"वेड लागलंय का तुला? कोण सांगतंय असलं?"

मी कसं सांगणार होते कोण सांगतंय ते. आई माझ्या हातातून फोन ओढायला लागली. मी मोबाइलवरून खाली वॉचमनला विचारलं, टॅक्सी? तो म्हणाला, धुक्यात स्टँड रिकामा आहे. मी बाल्कनीत गेले, परत आले. आणि मग मलाही वाटलं, लावावा परत. काय होणार आहे एका फोनने? एक फोन. सगळे जण हेच म्हणत असतील आत्ता, एका फोनने काय होतंय. मला हे सगळं समजत होतं आणि तरी माझा हात फोनकडे जात होता. लाज वाटली नाही. एवढे महिने मी ऑपरेटरच्या स्क्रीनला नावं ठेवली की मूर्खासारखं परत परत विचारतो. आज कळलं तो का विचारतो.

मी रिसीव्हर उचलला, आकडे दाबायला लागले.

"ठेव खाली."

बाबा. डोळे मिटलेलेच. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं आईच बोलली.

"बाबा, बोलू नका."

"ठेव. येईल फोन." मग थोडा दम घेऊन, "उठते ती. तूच सांगितलंस ना."

मी फोन ठेवला. मी खाली बसून त्यांचा हात धरला, हात गार आणि ओला होता. आई देवाचं काही पुटपुटत होती आणि मधूनच मला शिव्या देत होती. मी फोनकडे बघत होते. माझ्या मनात एकच, की अरे, माझ्या ग्राफमध्ये हे कुठे होतं? तिथे बाहेर थांबलेल्यांची एक पिवळी रेघ होती. वर चढायची, खाली यायची. त्या रेघेत एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं. कधी कुणी मला सांगितलं नव्हतं की तिथे थांबलेल्याला श्वास कसा घ्यायचा तेही आठवत नाही.

फोन वाजला. मी अशी झडप घातली की रिसीव्हर हातातून पडला.

"मैडम, आपका फ़ोन आया था. एम्बुलेंस चाहिए?"

"हो! हां! हां जी!" आणि मला माझा पत्ता आठवेना. सेक्टर, ब्लॉक, काहीच नाही. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या पुणेरी हिंदीत अगदी शांतपणे, सावकाश, एकेक आकडा सांगितला. मजला सांगितला, लिफ्ट बंद असल्याचं सांगितलं, कोपऱ्यावरचं मदर डेअरीचं बूथ सांगितलं. मग ती मटकन खाली बसली.

गाडी आली. बाबा वाचले.

दुसऱ्या दिवशी मी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते तेव्हा साहेबांचा फोन आला. त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. आवाजात नुसता आनंद. "कमाल हो गया यार! कल हाइवे वाले एक्सीडेंट में ऐसा लोड आया, ऐसा लोड आया, सिस्टम ने सब झेल लिया. टूटी भी, उठी भी. एक भी नंबर नहीं छूटा. हॉस्पिटल वाले तारीफ़ कर रहे हैं. बिल्कुल तुम्हारी रिपोर्ट के हिसाब से!"

"जी सर," मी म्हटलं. यापेक्षा जास्त बोलले असते तर रडले असते.

मग नर्सने आत सोडलं. बाबांच्या नाकात नळी, छातीला वायरी, पण चेहरा त्यांचा परत आला होता. मला बघून हसले. मी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला गं शेवटी? फोन यायला?"

ऑफिसला विचारायची गरज नव्हती. घड्याळ समोर भिंतीवरच होतं, मी बघत होते.

"चार मिनिटं."

"बस? मला वाटलं तास झाला." मग माझ्याकडे बघत, अगदी मनापासून, शाबासकी द्यावी तसं म्हणाले, "चार मिनिटं म्हणजे छानच की गं."

"नाही हो बाबा," मी म्हटलं, "काही छान नाही," आणि त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून भोकाड पसरलं, ते ऐकून नर्स धावत आली आणि तिने मला बाहेर काढलं.